सगळ्यांना, ओळखीच्यांना की फक्त दोघांना

खुर्चीवाले काका पासष्टीचे असतील. खुर्च्या बनवत नाहीत हो ते, जुन्या खुर्च्यांना नवीन कापड चढवतात. बुडाच्या पट्ट्या ताणायच्या, स्प्रिंगा बांधायच्या, वर काथ्या नि कापूस भरायचा, त्यावर कापड ओढून कडेनं बारीक चुका ठोकायच्या. चुका ठोकताना पाच-सहा ओठांत धरून ठेवायची सवय. त्यामुळे गिऱ्हाइकानं काही विचारलं की हे नुसतं 'हं' म्हणतात. लोकांना वाटतं माणूस शिष्ट आहे. शिष्ट कसला, तोंडात खिळे असल्यावर बोलणार काय कपाळ!

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागच्या भिंतीला दार, दारामागे राहायची खोली, तिच्यात एक पलंग, एक शेगडी, आणि बायकोच्या कपड्यांचं कपाट, जे तीन वर्षांत उघडलेलं नव्हतं. बायको गेल्यापासून शेगडीही तशी थंडच. सकाळचा चहा तेवढा होई. दुपारचं जेवण समोरच्या खानावळीत, आणि तिथलंच थोडं बांधून आणलेलं संध्याकाळी. दिवसभर दुकानात लोक येत जात, पण माणसं येणं आणि आपलं माणूस येणं यात फरक असतो. तो ज्याचा त्यालाच कळतो.

काकांना एक मुलगी. दुसऱ्या शहरात नोकरी करते. तीन वर्षं बापलेकीत बोलणं नाही.

पण तिचं काय चाललंय ते काकांना सगळं ठाऊक होतं, आणि हीच तर गंमत. फोनवर पैसे पाठवायचं जे ॲप आहे ना, ते नुसतं पैसे पाठवत नाही, चार लोकांना सांगतही सुटतं. कोणी कोणाला पैसे दिले, कधी दिले, आणि सोबत काय लिहिलं. आकडा तेवढा सांगत नाही, तो देणाऱ्या-घेणाऱ्यालाच दिसतो. बाकी सगळी यादी उघडी, खालून वर सरकत राहणारी. ॲप सुरू केलं तेव्हा त्यानं विचारलं होतं, फोनमधली माणसं जोडू का? काकांनी हो म्हटलं. झालं, फोनमधले सगळे यादीत आले. थोरली बहीण, भाचा, लाकूडवाला सुतार, खानावळवाल्या बाई. आणि मुलगी.

तर रोज सकाळी चहाचा कप घेऊन काका मुलीची यादी वाचत. 'घरभाडं, माझा वाटा.' म्हणजे एकटी राहत नाही, कोणी मैत्रीण आहे सोबत. बरं झालं. 'मांजराचं औषध.' अरे, मांजर पाळलं वाटतं! लहानपणी हट्ट करायची, आईनं कधी आणू दिलं नाही. 'दाताचे उरलेले.' हे वाचून काकांना दिवसभर चैन पडलं नाही. कुठला दात? दुखला किती? सोबत कोण गेलं होतं? विचारायचं कोणाला? दोन दिवसांनी 'आइस्क्रीम, कालचं' असं दिसलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आइस्क्रीम खातेय म्हणजे दात बरा असणार.

असा त्यांचा संसार चालला होता. चोरून म्हणा हवं तर. आपण तिला बघतो आणि ती आपल्याला बघत नाही, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

ते खोटं आहे हे कळलं खानावळीत. खानावळवाल्या बाई पन्नाशीच्या, आवाज असा की स्वयंपाकघरातून ओरडल्या तर रस्त्यावरची सायकल थांबेल. पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यावर घ्यायच्या. ॲपचं एक आहे, काहीतरी लिहिल्याशिवाय पैसे पुढे सरकत नाहीत. लोक एक टिंब टाकतात, एखादा हसरा चेहरा टाकतात आणि मोकळे होतात. काका पडले प्रामाणिक. लिहायला सांगितलंय ना, मग खरं काय ते लिहायचं!

एका दुपारी बाई ताट ठेवता ठेवता म्हणाल्या, "काका, आज काय लिहिणार? काल तर रडवलंत तुम्ही आम्हाला."

"काल? काल काय लिहिलं?"

"अहो, 'आज दिवसभर कोणी आलं नाही, जेवायला तेवढा बाहेर पडलो.' ते कोपऱ्यातले बँकवाले रोज वाट बघतात तुमच्या लिहिण्याची. परवा 'पाठ धरली आहे, तरी आलो' वाचून एकानं मलम आणून ठेवलंय तुमच्यासाठी."

काकांचा घास हातातच राहिला. "त्यांना कसं दिसतं?"

"कसं म्हणजे? तुमचं सेटिंग 'सगळ्यांना' आहे, माझंही 'सगळ्यांना' आहे. मग दिसणारच की जगाला! माझी जाहिरात होते म्हणून मी ठेवलंय तसं. मला वाटलं तुम्हीही मुद्दामच ठेवलंय."

मुद्दाम! काकांनी आयुष्यात ते सेटिंग उघडलं नव्हतं. ॲप आलं तेच तसं आलं. त्यांच्या डोळ्यांपुढून तीन वर्षांची लिहिणी भराभर सरकली. 'एक ताट.' 'एकच ताट.' 'भूक नव्हती, अर्धं ठेवलं, माफ करा.' 'आज तिला जाऊन दोन वर्षं झाली, गोड नको.' 'वाढदिवस माझा, कोणाला सांगू नका.' अरे देवा! आणि हे बँकवाल्यांनी वाचलं ते एकवेळ चाललं असतं, मलमासकट. पण मुलगी यादीत आहे. मुलीनं तीन वर्षं हे सगळं वाचलं असणार. बाप तिच्या दातापायी झुरत होता, आणि बाप अर्धं ताट टाकून उठतो हे तिला रोज कळत होतं.

कान तापले त्यांचे. लाज वाटली, आणि लाजेखाली रागही आला, कारण तिला वाटलं असेल की म्हातारा मुद्दाम लिहितोय, कीव यावी म्हणून.

"बंद करा हे," त्यांनी फोन बाईंपुढे केला. "आत्ताच्या आत्ता."

बाईंनी पदराला हात पुसले आणि दाखवलं. तीन प्रकार. पृथ्वीगोल म्हणजे सगळ्यांना. दोन माणसं म्हणजे तुमच्या ओळखीच्यांना. कुलूप म्हणजे फक्त दोघांना, देणारा आणि घेणारा. "पुढचं बंद करायचं की मागचंही?"

"मागचं आधी."

"मागचं एकदा बंद केलं की परत उघडत नाही हं काका. विचार करा."

"विचार कसला करायचाय त्यात!" काका म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या बोटानं दाबलं. तीन वर्षांवर कुलूप पडलं. जेवण पुरं न करता ते उठले, पैसे दिले आणि टिंब टाकलं.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दुकानात एक मोठी आरामखुर्ची आली होती, तिच्या पोटातला जुना काथ्या उपसत काका बसले होते, तेवढ्यात बाई स्वतः रस्ता ओलांडून आल्या. भर जेवणाच्या वेळेला खानावळ सोडून त्या कधी यायच्या नाहीत.

"तुमच्या मुलीचा फोन आला होता."

काकांनी ओठांतल्या चुका तळहातावर काढल्या. "कुठे?"

"मला. खानावळीच्या नंबरवर. तो पाटीवर आहे तसाच आहे ना वीस वर्षं, तिला पाठ असेल." बाईंचा आवाज आज चक्क खाली होता. "म्हणाली, बाबा जेवायला येतात का? म्हटलं येतात की, रोज येतात, काय झालं?  मग म्हणाली, तीन दिवस दिसलं नाही, मागचंही काही दिसेना, मला वाटलं... आणि पुढे बोललीच नाही हो. रडत होती."

काकांनी बाईंपुढे स्टूल सरकवलं.

"रोज दुपारी बघते म्हणाली. तुमचं जेवण झालेलं दिसलं की मग स्वतः जेवते. तीन वर्षं." बाईंनी नाक पुसलं. "मी आपली सांगून बसले, अगं काही झालेलं नाही, त्यांनी सेटिंग बदललंय, कोणाला दिसू नये म्हणून. तर म्हणाली, 'असं होय. बरं. नसेल दाखवायचं तर ठीक आहे.' आणि ठेवला. काका, माझं चुकलं का?"

बाईंचं काही चुकलं नव्हतं.  बाई गेल्यावर काकांनी फोन उघडून मुलीचं नाव दाबलं. पान रिकामं. भाडं नाही, मांजर नाही, दात नाही. आधी वाटलं फोन बिघडला. बंद केला, चालू केला, खिडकीशी नेला. मग उमगलं. बापानं दार लावून घेतलं असं समजून तिनंही लावून घेतलं होतं, पुढचं आणि मागचंही.

घर सुनं होणं काय असतं ते बायको गेली तेव्हा त्यांना कळलं होतं. आता दुसऱ्यांदा कळलं. त्यांनी स्वतःचं सेटिंग लगेच पुन्हा 'सगळ्यांना' केलं, दुपारी खानावळीत जाऊन लिहिलं, 'पूर्ण ताट जेवलो.' दुसऱ्या दिवशी 'आजही पूर्ण.' ते जगाला दिसलं. तिनं पाहिलं की नाही हे सांगणारं मात्र काही नव्हतं. फोन लावला तर वाजून वाजून बंद पडला. दोनदा, तीनदा.

आता मूळ भांडण काय ते सांगायला हवं. ऐकायला बरं नाही ते.

काकांची बायको चार दिवस दवाखान्यात होती. मुलीची नोकरी नवीन, रजा मिळण्यासारखी नव्हती, तरी ती रोज फोन करून विचारायची, बाबा, निघू का? आणि काका म्हणायचे, येऊ नकोस, विशेष काही नाही, दोन दिवसांत घरी आणतो. खोटं बोलत होते असंही नाही. मुलगी आली म्हणजे ते खरंच गंभीर आहे असं झालं असतं, आणि ते त्यांना होऊ द्यायचं नव्हतं. पाचव्या दिवशी पहाटे बायको गेली. मुलगी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. दुकानात चाळीस माणसं बसलेली, बहीण, भाचा, सुतार, शेजारीपाजारी. मुलगी दारात आली, आणि काका सगळ्यांसमोर म्हणाले, "आता वेळ झाला होय तुला आईसाठी?"

ती एक शब्द बोलली नाही. बाबांनीच येऊ नको म्हटलं होतं, एवढं बोलली असती तरी पुरे होतं. नाही बोलली. आठ दिवस आल्यागेल्यांना पाणी दिलं, आत्याची बोलणी खाली मान घालून ऐकली, आणि गेली. खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं.

काकांनी तीन वर्षांत हे कोणाला सांगितलं नाही. सुचलं नाही असं नाही, धीर झाला नाही. बरेचदा असं वाटायचं की आज सांगू, आणि मग कोणीतरी खुर्ची घेऊन यायचं.

फोन उचलत नाही म्हटल्यावर त्यांना एक आठवलं. यादी कितीही बंद असो, ज्याला पैसे पाठवले त्याला तर ते दिसतातच. त्यांनी सगळ्यात लहान नाणं, एकच, मुलीला पाठवायला घेतलं. लिहायच्या जागी अंगठ्यानं एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'उशीर तू केला नव्हतास. येऊ नकोस असं मीच म्हटलं होतं. चूक माझी होती.' खाली विचारलेलं, कोणाला दिसावं? काकांनी कुलूप निवडलं. आणि पाठवलं.

त्या दिवशी आरामखुर्चीचं कापड तीनदा तिरकं बसलं आणि तीनदा उसवावं लागलं. चारच्या सुमाराला फोन वाजला. नाणं परत आलं होतं. सोबत लिहिलेलं: 'बोललात चारचौघांत, बाबा. माफी मात्र फक्त दोघांत?'

काकांनी ते वाचलं आणि स्टुलावर बसले. राग आला नाही. मुलगी खरं तेच बोलत होती. तीन वर्षांनी 'बाबा' असं लिहिलं होतं, त्यावरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं.

मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा लिहिलं. या वेळी पृथ्वीगोल. सगळ्यांना. पाठवायच्या आधी ते थांबले, कारण यादीत बहीण होती, जी तीन वर्षं 'तुझी ती निर्दय पोरगी' म्हणत आली होती आणि काका ते ऐकून घेत आले होते. पाठवलं. डोळे मिटून घेतले. उघडून पाहिलं तर नोंदीवर कुलूप!

तसेच उठून खानावळीत गेले. "बाई, हे काय? मी सगळ्यांना म्हटलंय आणि हे कुलूप दाखवतंय."

बाईंनी फोन घेतला, वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं. त्यांनाही आजच कळत होतं सगळं. मग म्हणाल्या, "तिचं बंद आहे ना. दोघांतलं ज्याचं जास्त बंद, त्याचं चालतं. तुम्ही एकट्यानं उघडून उपयोग नाही."

"मग आता?"

"आता तिनं उघडलं तरच. आणि हे गेलेलं ते गेलं, ते असंच राहणार. तिनं उघडल्यावर तुम्हाला नव्यानं पाठवावं लागेल." बाई फोन परत देत म्हणाल्या, "तुमच्या ताईंना फोन करून सांगून टाका की सरळ."

"सांगणार आहे. पण आधी हे." काका म्हणाले. खरं कारण हे की बहिणीला फोनवर सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, जाऊ दे रे, झालं गेलं. आणि चाळीस माणसांपैकी एकालाच कळलं असतं.

"तिला लिहा ना, उघड म्हणून."

काकांनी मान हलवली. "ते तिनं ठरवायचं. लोकांत तिचंच नाव निघणार आहे पुन्हा."

मग रोजचा नेमच झाला. सकाळी चहाआधी एक नाणं, तेच वाक्य, पृथ्वीगोल निवडायचा, पाठवायचं, आणि कुलूप बघायचं. मुलगी नाणी परत करत नव्हती आणि काही लिहितही नव्हती. चौथ्या दिवशी काकांना वाटलं, वैतागली असेल. सहाव्या दिवशी वाटलं, आपण छळतोय तिला, थांबावं. सातव्या दिवशी पाठवलं नाही, आणि दिवसभर काथ्यात हात घालून नुसते बसून राहिले. आठव्या दिवशी पुन्हा पाठवलं. एवढं एकटं त्यांना बायको गेली त्या आठवड्यातही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा निदान घरात मुलगी होती, तोंड फिरवून का होईना.

अकराव्या दिवशी सकाळी पाठवलं आणि सवयीनं कुलपाकडे पाहिलं. कुलूप नव्हतं. इवलासा पृथ्वीगोल होता.

काकांना खरं वाटेना. मुलीचं नाव दाबलं. तिथंही पान उघडलेलं होतं, आणि त्यावर जगाला दिसणारी एकच नोंद. त्यांचीच. मांजर, भाडं, दात काही नाही, फक्त बापाचं नाव, तिचं नाव, आणि ते वाक्य. मागचं सगळं कायमचं गेलं होतं. तिनं त्या एका वाक्यासाठी दार उघडलं होतं.

अर्ध्या तासात सुतारानं नोंदीवर नुसतं एक हृदय टाकलं. भाच्यानं काही टाकलं नाही. दुपारी बँकवाले खानावळीत शिरताना दुकानासमोर थांबले, आत पाहिलं, आणि पुढे गेले. काकांना वाटलं आपण रस्त्यावर उघडे उभे आहोत. त्यांनी तोंडात चुका धरल्या आणि खुर्चीच्या पाठीला कापड ओढायला घेतलं.

फोन वाजला. बहीण.

"अरे, हे काय लिहिलंयस? तुझा फोन कोणाच्या हाती लागलाय का? जगाला दिसतंय ते! माझ्या सुनेनं दाखवलं मला. काढ आधी, लोक काय म्हणतील!"

काकांनी चुका काढून ठेवल्या. "मीच लिहिलंय, ताई."

"तू? म्हणजे खरं आहे हे? तू तिला येऊ नको म्हटलंस?"

"रोज म्हटलं. चारही दिवस. ती रोज विचारत होती."

 मग ताई वेगळ्याच आवाजात म्हणाली, "आणि मी तिला काय काय बोलले रे तेव्हा. सगळ्यांसमोर. आणि तू तिथे बसून होतास."

"हो," काका म्हणाले. "मी तिथे बसून होतो."

ताईनं फोन ठेवला नाही आणि काकांनीही ठेवला नाही. तेवढ्यात मधेच बारीक ट्यँ ट्यँ वाजायला लागलं. दुसरा कोणीतरी फोन करत होतं. काकांनी फोन कानापासून दूर धरून नाव वाचलं, आणि पुन्हा कानाला लावून बहिणीला म्हणाले, "ताई, ठेवतो. तिचा आहे."